सात खड्यांची कुडी आणि प्लेटमधला हिरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरात दोन पिढ्या जडाईचं काम चाललं. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून हत्यारं ठेवून दिली, पण लग्नसराई आली की दागिना रुमालात बांधून माणसं अजून घरी येतात. कुणी खानापूरहून, कुणी निपाणी-चिकोडीकडून, कुणी कोल्हापूरच्या गुजरीतून खरेदी करून थेट इकडे. बहुतेकांच्या हातात बारीक हिऱ्यांचा दागिना असतो आणि प्रश्नही ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. उदाहरण शक्यतो एकच धरलंय, सात हिऱ्यांची कुडी. आपल्याकडे मधे एक आणि भोवती सहा असा घाट मोत्यांच्या कुडीतून ओळखीचा आहे. शेजारच्या कन्नड घरांत हिऱ्यांची हीच जोडी बेंडोले म्हणून मिळते.

कुडी एक कॅरेटच्या हिऱ्याएवढी दिसते. मग किंमत एक कॅरेटची का नाही?

कारण तेवढा हिरा त्यात नसतोच. एक कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो. सव्वादोन मिलिमीटरच्या आतबाहेरचे सात खडे एकाला एक चिकटवून बसवले की वरून तोच साडेसहाचा गोल भरतो. पण मोठ्या हिऱ्याला खालीही त्याच मानाने खोल पोट असतं. या सात बारक्यांची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आसपास. सगळे मिळून वजन पाव कॅरेटच्या थोडं वर जातं.

दुसरं कारण दराचं. हिऱ्याचा कॅरेटचा दर आकाराबरोबर वाढतो. खाणीतून मोठा, स्वच्छ खडा क्वचित निघतो आणि बारीक माल ढिगाने निघतो, त्यामुळे पाव कॅरेटचा एक हिरा आणि पाव कॅरेट भरणारे सात हिरे यांची किंमत सारखी होत नाही. सात बारक्यांची बरीच कमी. विकणारा जेव्हा ‘हा एक कॅरेटचा लूक आहे बघा’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण पैसे लूकचे द्यायचे नसतात, वजनाचे द्यायचे असतात. म्हणून पहिला प्रश्न वजनाचाच विचारा.

पावतीवर लिहिलेलं हिऱ्याचं वजन खरं आहे का, हे खडे न काढता कसं कळेल?

अगदी अचूक कळणार नाही, पण मोठी चूक पकडता येते. निपाणीच्या एक वहिनी मुलीसाठी घेतलेली कुडी घेऊन आल्या होत्या, तिचंच उदाहरण सांगतो.

पावतीवर असं होतं: अठरा कॅरेट सोनं, एकूण वजन ६.२४० ग्रॅम, हिरे १४, हिऱ्यांचं वजन ०.७० कॅरेट, सोन्याचं निव्वळ वजन ६.१०० ग्रॅम. हिऱ्याचा दर कॅरेटला ७०,००० रुपये, म्हणजे हिऱ्यांचे ४९,००० रुपये.

कुडी प्रेशर सेटिंगची होती. या जडाईत खड्यांच्या मधे सोनं नसतं. सातही खडे कडेला कडा लावून दाबून बसवतात आणि बाहेरची नखं त्यांना धरून ठेवतात. सारख्या मापाचे सात गोल असे ठेवले की समोरासमोरच्या कडांपर्यंत बरोबर तीन खडे एका रेषेत येतात. म्हणून हिऱ्यांच्या गोलाचा व्यास मोजायचा, नखं सोडून, आणि तीनने भागायचं. वहिनींच्या कुडीचा गोल ६.६ मिलिमीटर भरला. एक खडा झाला २.२.

गोल हिऱ्याचं अंदाजी वजन काढायचं सूत्र धंद्यात सगळ्यांना पाठ असतं: व्यास × व्यास × खोली × ०.००६१. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर कॅरेटमध्ये. बसवलेल्या खड्याची खोली मोजता येत नाही, म्हणून ती व्यासाच्या साठ टक्के धरायची. २.२ चा खडा असा ०.०३९ कॅरेट येतो. कॅरेटचा शंभरावा भाग म्हणजे सेंट, तेव्हा हा चार सेंटला जरा कमी. चौदा खड्यांचे झाले साधारण ०.५५ कॅरेट.

पावतीवर ०.७०. आता माझं माप चुकलं असेल का? कारागिराने आधी स्वतःवरच संशय घ्यावा. समजा प्रत्येक खडा २.३ आहे, तरी एकूण ०.६२ च्या आसपासच येतं. समजा खडे पोटाला जाड आहेत, खोली पासष्ट टक्के, तरी २.२ च्या मापाने ०.६० च्या आतच. ०.७० भरायला प्रत्येक खडा २.४ चा लागतो, आणि तसे तीन एका रेषेत ७.२ मिलिमीटर होतात. कुडीवर तेवढी जागाच नव्हती.

पंधरा सेंटचा फरक म्हणजे त्यांच्याच दराने १०,५०० रुपये. वहिनींनी दुकानात जाऊन मालकांना शांतपणे विचारलं, ‘दादा, आमच्यासमोर एकदा गेजने मोजून दाखवा की.’ मालकांनी मोजलं. मुंबईच्या घाऊक कारखान्याकडून हा घाट दोन मापांत आला होता आणि मोठ्या जोडीची चिठ्ठी लहान जोडीला लागली होती. त्यांनी पावती दुरुस्त करून दिली. सगळेच करतील असं नाही, पण माप कागदावर लिहून नेलं की बोलणं सोपं होतं.

तुमच्याकडे गेज नसेल तर मिलिमीटरची चांगली पट्टी आणि भिंगही चालतं. दोन मिलिमीटरचा हिरा साधारण तीन सेंट, अडीचचा सहाला जरा कमी, तीनचा दहा, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. ही मापं गोल, पूर्ण पैलूंच्या खड्याची आहेत.

पावतीत एकूण वजनातून सोन्याचं वजन वजा केलं की हिऱ्याचं वजन बरोबर जुळतं. हा पुरावा नाही का?

नाही. यात फार माणसं फसतात म्हणून वेगळं लिहितो. जडवलेल्या दागिन्याचं एकूण वजन तेवढं काट्यावर घेतलेलं असतं. सोन्याचं निव्वळ वजन दुकानात काट्यावर येत नाही, ते काढलेलं असतं: एकूण वजनातून हिऱ्याचं सांगितलेलं वजन वजा करून. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे ०.७० कॅरेटचे ०.१४० ग्रॅम गेले आणि उरले ६.१००. हिऱ्याचं वजन चुकीचं असलं तरी हा हिशोब जुळणारच.

आणि या चुकीची किंमत बघा. पंधरा सेंट हिरे जास्त लिहिले की सोनं फक्त ०.०३ ग्रॅम कमी लागतं. सोन्यात गिऱ्हाइकाचे काहीशे रुपये वाचतात आणि हिऱ्यात दहा हजार जातात.

‘जीएच, एसआय’ असं लिहिलंय. मोठ्या हिऱ्याला एकच अक्षर असतं, इथे दोन-दोन का? आणि ते इतकं सैल का?

रंगाची मोजणी डी पासून सुरू होते. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी, पुढे जावं तशी पिवळसर झाक वाढते. स्वच्छतेत व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, मग आय असे उतरते टप्पे आहेत. मोठा हिरा प्रयोगशाळेत सुटा जातो. तिथे एकापेक्षा जास्त तज्ज्ञ तो ठरलेल्या उजेडात, नमुन्याच्या खड्यांशेजारी उलटा ठेवून बघतात आणि मग एक अक्षर देतात. त्याची फी लागते. चार सेंटच्या खड्याला तेवढी फी दिली तर खड्याच्या किमतीचा बराचसा भाग कागदातच जाईल. म्हणून बारीक हिऱ्यांची प्रतवारी एकेकट्याची होत नाही, पुडीची होते.

ती कशी होते ते बघितलं की सैलपणा आपोआप समजतो. जगातले बहुतेक बारीक हिरे सुरतेला घासले जातात. तयार माल आधी चाळणीतून जातो. भोकांचं माप ठरलेल्या गोल चकत्या एकाखाली एक असतात आणि एका चकतीतून पडून पुढच्या चकतीवर अडकलेले खडे एका मापाचे धरले जातात. नंतर निवडणारी माणसं पांढऱ्या कागदावर, पांढऱ्या दिव्याखाली शेकडो खडे पसरतात आणि चिमट्याने बाजूला सारत जातात. एका खड्याला मिळतो एखादा क्षण. फार पिवळा, तपकिरी, डाग दिसणारा खडा बाहेर पडतो, उरलेल्यांची पुडी बांधून तिच्यावर ‘जीएच, एसआय’ लिहितात. याचा अर्थ पुडीतला बहुतेक माल त्या पट्ट्यातला आहे. चार-दोन खडे आय रंगाचे असणार, एखादा एफचाही असणार. हा लबाडीचा भाग नाही, धंद्यात तो गृहीतच धरलेला असतो. घाऊक पुडी घेणारा व्यापारी पुडी उघडतो, मूठभर खडे काढून बघतो आणि त्यावर दर ठरवतो. गिऱ्हाइकाला मात्र पुडी कधीच दिसत नाही, फक्त तिच्यावरचं नाव दिसतं.

मग जडाई होते आणि आणखी धूसर होतं. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जी रंगाचा खडाही पिवळसर भासतो, पांढऱ्या प्लेटमध्ये आय रंगाचा खडा पांढरा दिसतो. कडेचा डाग नखाखाली जातो. मी स्वतः असंख्य वेळा खडा फिरवून डाग नखाखाली घेतलाय. जडणाऱ्याचं ते कामच असतं, दागिना सुंदर दिसायला हवा. पण नंतर बघणाऱ्याला तो डाग दिसत नाही हेही तितकंच खरं.

यात गिऱ्हाइकाच्या फायद्याचीही एक गोष्ट आहे. बारीक खड्यात रंग कमीच दिसतो आणि एसआयचा डाग दहापट भिंगाशिवाय सापडत नाही. त्यामुळे कुडीसाठी ईएफ-व्हीव्हीएसचे जास्त पैसे देण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. तो फरक कानात घातल्यावर कुणालाही दिसणार नाही आणि मोडताना त्याचे पैसे क्वचितच परत मिळतात.

प्रयोगशाळेचं कार्ड सोबत आहे. मग तर काळजी नको?

कार्डामुळे एक मोठी गोष्ट मिळते: खडे हिऱ्याचे आहेत आणि नैसर्गिक की लॅबमध्ये तयार केलेले, हे तपासून लिहिलेलं असतं. त्याचं मोल आहे. पण रंग आणि स्वच्छता तिथेही पट्ट्यातच येते आणि ‘जडाईतून जेवढं दिसतं त्यावरून’ अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरात असते. ती ओळ वाचा. वजनाच्या रकान्यापुढे ‘अंदाजे’ आहे की दुकानदाराने सांगितलेलं वजन तसंच उतरवलंय, तेही बघा. जडवलेला दागिना काट्यावर ठेवून हिऱ्याचं वजन कुणालाच सांगता येत नाही. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकन संस्था तर रंग-स्वच्छतेची प्रत फक्त सुट्या हिऱ्याला देते, बसवलेल्याला नाही. आयजीआयसारख्या संस्था जडवलेल्या दागिन्याचा अहवाल देतात, पण तो दागिन्याचा असतो, त्यातल्या प्रत्येक खड्याचा नाही.

मिरॅकल प्लेट म्हणजे काय? ती कशी ओळखायची?

एका छोट्या हिऱ्याभोवती पांढऱ्या धातूची ताटली असते. ताटलीच्या कडेला हत्याराने तिरके चकचकीत काप मारलेले असतात. लांबून बघताना डोळा हिऱ्याची चमक आणि कापांची चमक एकत्र धरतो आणि हिरा मोठा वाटतो. चार मिलिमीटरच्या प्लेटमध्ये दीड मिलिमीटरचा खडा हे नेहमीचं. चार मिलिमीटरचा खरा हिरा पाव कॅरेटच्या आसपास भरतो. दीड मिलिमीटरचा फक्त सव्वा सेंट. फरक जवळजवळ वीस पट.

ओळखायला दागिना खिडकीजवळ न्या आणि सावकाश तिरका करत राहा. हिऱ्यातून लाल-निळे ठिपके उसळतात आणि जागा बदलतात. धातूचे काप फक्त पांढरा उजेड परतवतात आणि कोन बदलला की एकदम काळे पडतात. भिंगातून तर मधला खडा आणि भोवतीची गोल रेघ सरळ दिसते. जुन्या दागिन्यात आणखी सोपं असतं: प्लेटवरचा रोडियमचा मुलामा झिजून पिवळट डाग पडतात आणि हिरा एकदम लहान झाल्यासारखा वाटतो. पुन्हा रोडियम लावून घेता येतो, तो खर्च मनात धरून ठेवा.

प्लेटचा दागिना वाईट नाही. रोज वापरायच्या चमकीला किंवा नथीला थोड्या पैशात छान दिसतो. पण त्यातली किंमत सोनं आणि मजुरीची असते. हिऱ्याच्या दरावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका, मजुरीवर करा.

हॉलमार्क आहे, म्हणजे हिरेही खरे ना?

हॉलमार्क फक्त सोन्याचा. बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (अठरा कॅरेटला ७५०) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असावाच लागतो आणि BIS Care ॲपमध्ये टाकून बघता येतो. हिऱ्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पुडीत लॅबचे हिरे मिसळलेले असतील तर?

असू शकतात, आणि डोळ्यांनी किंवा भिंगाने मलाही सांगता येणार नाही. दुकानातलं पेनसारखं टेस्टर खड्यातून उष्णता कशी वाहते ते बघतं. लॅबमधला हिराही हिराच असल्यामुळे टेस्टर दोघांनाही ‘हिरा’ म्हणतं. फरक ओळखायची वेगळी मशिनं असतात. म्हणून पावतीवर ‘नैसर्गिक हिरे’ हे शब्द लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं उपयोगाचं नाही. लॅबचे हिरे बरेच स्वस्त मिळतात, हौसेला घ्यायला हरकत नाही, पण ते त्या दराने आणि त्या नावाने.

अक्षरांवर विसंबायचं नाही, तर दुकानात बघायचं तरी काय?

दुकानातल्या दिव्यांखाली काच पण चमकते. कुडी दाराशी, सावलीतल्या उजेडात न्या आणि हातभर अंतरावरून सातही खड्यांकडे एकदम बघा. एखादा खडा बाकीच्यांपेक्षा मंद, दुधट किंवा काळवंडलेला वाटतो का? एखादा पिवळा उठून दिसतो का? झुपक्यात खडे एकमेकांशी जुळणं ही सगळ्यात मोठी प्रत. सहा चांगले आणि एक मेलेला असेल तर नजर त्या मेलेल्यावरच जाते.

मग भिंग मागा. मधल्या खड्याचे पैलू मोजायची गरज नाही, पण साधा आठ पैलूंचा कट आहे की पूर्ण कट आहे ते दिसतं. पूर्ण कटात बारीक त्रिकोणांची गर्दी असते, आठ पैलूंच्या कटात मोजके मोठे तुकडे. स्वस्त आणि फार बारीक मालात साधा कट येतो, चमक कमी असते आणि दरही कमी असायला हवा. त्याच भिंगातून नखं बघा: प्रत्येक बाहेरच्या खड्याला पुरती पकड आहे का, एखादं नख कपड्यात अडकेल असं उभं राहिलंय का.

शेवटी पावती तीन ओळींत फोडून मागा: सोनं, मजुरी, हिरे. हिऱ्याच्या ओळीत खड्यांची संख्या, एकूण वजन आणि कॅरेटचा दर. दोन दुकानांची तुलना करायची तर खड्याचं माप आणि प्रतीचा पट्टा सारखा असलेल्या दागिन्यांच्या याच ओळींची करा. ‘सगळं मिळून एवढे’ असा एकच आकडा देणाऱ्याकडे मी तरी घेणार नाही, कारण एका ओळीत सूट देऊन दुसऱ्या ओळीत ती भरून काढलेली दिसत नाही.

मोडताना किंवा गहाण ठेवताना काय मिळेल?

गहाणात हिऱ्याचं काहीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जासाठी फक्त सोन्याची किंमत धरतात, खड्यांचं वजन वजा करून. वहिनींच्या कुडीत हिऱ्यांचे हजारो रुपये गेले, पण बँकेच्या दृष्टीने ते सहा ग्रॅम अठरा कॅरेट सोनं.

मोडताना ज्या दुकानाने दागिना विकला तेच दुकान हिऱ्याचे बरे पैसे देतं, कारण पुडी कोणती होती ते त्यालाच माहीत असतं. दुसरा सराफ खडे काढून, धुऊन, पुन्हा चाळून, पुन्हा निवडायचा खर्च धरतो आणि काढताना कडा उडालेले खडे बाजूला टाकतो. म्हणून विकत घेतानाच परतीची अट पावतीवर लिहून घ्या: हिऱ्याचे किती टक्के, आणि ते पावतीच्या किमतीवर की त्या दिवशीच्या दरावर. या दोन अटींत खूप अंतर आहे.

एक खडा पडला. कुठलाही बसवला तर चालेल?

प्रेशर सेटिंगमध्ये एक पडला की बाकीचे सहाही ढिले झालेले असतात. ती कुडी लगेच कानातून काढा आणि डबीत कापसावर ठेवा. नवा खडा मापाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जुळायला हवा. लहान असेल तर बसत नाही, मोठा दाबून बसवला तर शेजारच्याची कड उडते. दुसरी कुडीही सोबत न्या म्हणजे कारागिराला रंग जुळवता येतो. नवा खडा नैसर्गिक आहे की लॅबचा, किती सेंटचा, हे दुरुस्तीच्या पावतीवर लिहून घेऊन ती मूळ पावतीला टाचा. पडलेला खडा सापडला तर टाकू नका, कागदाच्या पुडीत घेऊन जा. हिरा सहसा फुटत नाही आणि कड शाबूत असेल तर तोच परत बसतो.